श्रावणभर कचरा घराबाहेर न टाकता: बेळगावच्या पावसातली एका घराची डायरी

आम्ही पाच जण. सासूबाई, आम्ही दोघं, बारावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. घर वडगावात, पुढे बोळ, मागे जेमतेम दोन पिंपं मावतील एवढं परडं. श्रावणात घरातून कचऱ्याच्या गाडीत जवळपास काहीच टाकायचं नाही असं ठरवलं. श्रावण निवडायचं कारण साधं होतं: महिनाभर घरात मासे-मटण नसतं, त्यामुळे हाडं-काट्यांचा प्रश्न येत नाही. पण बेळगावचा श्रावण म्हणजे पाऊस, आणि पावसाचं काय करायचं हाच या महिन्याचा खरा विषय ठरला. नव्यानं सुरू करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या दिवसांतल्या नोंदी थोड्या सावरून इथं देते आहे.

आषाढाचा शेवटचा आठवडा: आधी वजन

काहीही बदलायच्या आधी आठवडाभर कचरा नुसता मोजायचा. त्यासाठी हुकाचा काटा पुरतो, तोच ज्याला बॅग अडकवून वजन बघतात. तीन भांडी ठेवायची. पहिल्यात ओला, म्हणजे भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न, देवाची फुलं. दुसऱ्यात सुका, म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, बाटल्या, डबे. तिसऱ्यात बाकीचं सगळं: पॅड, औषधांची पाकिटं, केरातली धूळ, ब्लेड, सेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरानं कचरा साधारण असाच तीन भागांत वेगळा करायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीतली गाडीवरची बाई तर रोज सकाळी कानडीत ओरडून सांगते, "ओणा कसा ब्यारे इडरी!", म्हणजे सुका कचरा वेगळा ठेवा. ऐकून ऐकून आमच्या मुलालाही ते पाठ झालंय.

आठवड्याअखेर आकडे आले ते असे: ओला नऊ किलोच्या आसपास, सुका दोन किलो, बाकीचं पाऊण किलो. म्हणजे बारा किलोतला तीन चतुर्थांश भाग नुसता स्वयंपाकघराचा आणि देवघराचा.

पहिलं आश्चर्य इथंच. दुधाच्या पिशव्यांचा ढीग बघून मला वाटायचं की आपला कचरा म्हणजे ह्या पिशव्याच. आमच्याकडे रोज दोन लिटर दूध, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या. एक रिकामी पिशवी जेमतेम तीन ग्रॅमची. आठवड्याच्या सगळ्या पिशव्या काट्याला लावल्या तर काटा धड हललाही नाही. डोळ्याला दिसतो तो कचरा आणि वजनाचा कचरा हे दोन वेगळे निघाले. कापडी पिशवी घेऊन बाजारात जाणं चांगलंच, पण तेवढ्यावर महिना काढला असता तर बारा किलोतले अकरा किलो जिथल्या तिथंच राहिले असते.

म्हणून क्रम ठरला. आधी ओल्याची सोय लावायची, मग सुक्याकडे बघायचं. हा क्रम उलटा करू नका, कारण ओला वेगळा झाल्याशिवाय सुका कोरडा राहत नाही. आणि आमटी लागलेला पुठ्ठा भंगारवाला हातात धरत नाही.

श्रावणाच्या आधीचा रविवार: पिंपं

पाच माणसांच्या घराला शंभर लिटरची दोन पिंपं लागतात. एक भरत असताना दुसरं मुरत पडतं. निळी जुनी पिंपं भंगारात मिळतात, पण त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या. औषध फवारणीचं किंवा रंगकामाच्या रसायनाचं पिंप फुकट मिळालं तरी नको. आम्ही मिठाईवाल्याकडचं घेतलं. त्यात आधी साखरेचा पाक असायचा.

पिंपाला चहूबाजूंनी वितीवितीच्या अंतरावर करंगळीएवढी भोकं पाडली. ड्रिल नसेल तर तापवलेल्या सळईनं पडतात, पण ते उघड्यावर करा, धूर वाईट असतो. तळालाही सात-आठ भोकं हवीत. पिंप विटांवर ठेवायचं, खाली जुनी परात. भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवली तर माश्या कमी येतात. आमच्याकडे पाऊस आडवा येतो, त्यामुळे नुसतं झाकण पुरत नाही. वर पत्र्याचा तुकडा उतरता बसवावा लागला आणि पिंप भिंतीपासून हातभर पुढे ओढावं लागलं, नाहीतर पागोळ्या थेट भोकांवर येतात.

आता मुख्य गोष्ट. पिंपात फक्त ओला कचरा टाकून खत होत नाही, त्याचा चिखल होतो. भाजीपाल्यात पाणी फार आणि नत्र फार. त्याच्या जोडीला कोरडं, कर्बयुक्त, हवा धरून ठेवणारं काहीतरी लागतं: पाचोळा, तूस, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या. एक वाटी ओल्याला निदान एक वाटी कोरडं, पावसाळ्यात दीड वाटी. वजनानं नाही, मापानं. आमच्या घराच्या हिशोबानं हे महिन्याला धान्याच्या दोन मोठ्या गोण्या भरून होतं.

भर पावसात दोन गोण्या कोरडा पाला कुठून आणायचा? महिन्याचं दुसरं आश्चर्य म्हणजे हेच. ओला कचरा कमी पडायची भीती कुणालाच नसते, आमच्याकडे टंचाई पडली ती कोरड्याची. जो कुणी हे करणार असेल त्यानं होळीच्या सुमाराला, कॅम्पात आणि हिंडलग्याच्या रस्त्याला पाचोळ्याचे ढीग पडतात तेव्हाच चार गोण्या भरून माळ्यावर टाकाव्यात. आम्हाला हे सुचलं आषाढात, तेव्हा दुसरे मार्ग शोधावे लागले.

भाताच्या गिरणीत तूस मिळतो, आणि आपल्याकडे खानापूरपासून अशा गिरण्या ठिकठिकाणी आहेत. तूस स्वतः फार सावकाश कुजतो, खत झाल्यावरही त्याची टरफलं दिसत राहतात, पण दाबला जात नाही, त्यामुळे आत हवा खेळते. सॉ मिलमधला लाकडाचा भुसा पाणी छान शोषतो. मात्र तो एकटा टाकला तर कुजायला महिनोन्महिने घेतो आणि घट्ट बसतो. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तेव्हा आमचं जमलं. प्लायवूड किंवा गोंदानं चिकटवलेल्या फळ्या कापणाऱ्या सुताराकडचा भुसा घेऊ नका, त्यात गोंदाची रसायनं असतात. साध्या लाकडाचा आहे का, हे विचारूनच गोणी उचला.

गोणी बघून सासूबाई म्हणाल्या, "कचरा कमी करायला म्हणून दोन गोण्या कचराच विकत आणलीस की गे!" बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

नागपंचमी: पहिला थर

तळाला नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं जाड थर. त्यावर दोन मुठी जुनं खत किंवा शेण. शेण गवळ्याकडून मिळालं. आंबट ताकात पाणी घालून शिंपडलं तरी चालतं. बाजारात कल्चर म्हणून पुड्या मिळतात, त्यांची गरज पडली नाही. मूठभर चांगल्या मातीत आणि शेणात लागतील तेवढे जंतू असतातच.

मग रोजचा क्रम. दिवसभराचा ओला कचरा ओट्याखालच्या झाकणाच्या डब्यात साठवायचा. रात्री तो निथळून घ्यायचा आणि मोठे तुकडे बोटाच्या पेराएवढे करायचे. कोबीचा दांडा, मक्याचं कणीस, कलिंगडाची साल तशीच टाकली तर महिन्यानं तशीच भेटते. पिंपात पसरायचं, वर कोरडं टाकायचं, आणि ओलं एकही टोक वर दिसणार नाही एवढं झाकायचं. हे शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. माशी वरच्या उघड्या अन्नावर बसते, झाकलेल्यावर नाही.

काय टाकायचं नाही याची यादी लांब नाही. हाडं-मासे, दूध-दही, तेलकट भाजी, जास्त मीठ असलेलं लोणचं, करवंटी, आंब्याची कोय. शिळा भात-पोळी थोडी चालते, पातळ आमटी नाही. चहाचा चोथा धुऊन टाकावा, साखर राहिली की मुंग्या येतात. लिंबाची सालं, कांद्याची फोलपटं चालतात असा आमचा अनुभव. रोजच्या स्वयंपाकातली चालतात म्हणजे. लोणचं घातलं त्या दिवशीची शंभर लिंबांची सालं एकदम ओतायची नाहीत.

नागपंचमीनंतरचा आठवडा: वास

पाऊस सलग लागला. हवाच एवढी ओली की गोणीतला भुसाही दमट झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी झाकण काढलं तर सडक्या अंड्याचा वास.

वास हा पिंपाचा रिपोर्ट असतो, तो वाचायला शिकलं की निम्मं काम झालं. सडक्या अंड्याचा किंवा गटाराचा वास म्हणजे पाणी जास्त, हवा नाही. पेशाबघरासारखा डोळ्यांत जाणारा वास म्हणजे नत्र जास्त, कोरडं कमी. आंबूस, ताकासारखा वास म्हणजे फळं किंवा भात एकदम फार पडला. वास काहीच नाही, पण पिंप थंड आणि आतलं जिथल्या तिथं, तर बहुधा कोरडं पडलंय. आणि पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर काही करू नका, झाकण लावा.

ओल तपासायला आतलं मूठभर घेऊन जोरात पिळायचं. पिळून ठेवलेल्या पोछ्यासारखं लागलं, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला, तर बरोबर. धार लागली तर जास्त. मूठ उघडताच भुगा सांडला तर कमी.

आमच्या मुठीतून धार लागली. उपाय दोन होते. एक, खालपर्यंत उकरून वर-खाली करणं. त्यासाठी मागच्या परड्यात पडलेली एक जुनी सळई टोकाला वाकवून हुक केला. तीन-चार दिवसांनी एकदा हुक आत घालून वर ओढला की मधे हवेची वाट होते. दुसरा उपाय कोरड्यात कोरडं घालणं. दमट भुसा घालून उपयोग नसतो. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याचा बंब अजून पेटतो, त्याच्याजवळ गोणी ठेवली. तिथं ती रात्रभरात सुकते. मात्र बंबाच्या तोंडापासून हातभर लांबच, भुसा पटकन पेटतो. फाडलेल्या पुठ्ठ्याचे तुकडेही चांगलं पाणी शोषतात. चिकटपट्टी मात्र आधी सोलून काढायची.

दोन-तीन दिवसांत वास गेला. हात आत घातला तर कोमट लागलं. एवढ्या लहान पिंपात फार उष्णता धरत नाही, आणि बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, श्रावणात रजई लागते. तेव्हा वाफा निघाल्या नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. कोमट लागलं तरी आत काम चालू असतं.

बंबाची गोष्ट

हा विषय तारखेला धरून नाही, पण इथंच सांगते. बंब किंवा चूल असलेल्या घरांत कचरा "संपतो" तो बहुतेक वेळा तिथं. पावसात लाकूड ओलं, पेटत नाही, मग दुधाची पिशवी किंवा कॅरीबॅग खाली सरकवायची, भपकन पेट घेतो. आमच्याकडेही तीच रीत. प्लास्टिक असं अर्धवट जळलं की जो धूर येतो तो परड्यात, स्वयंपाकघरात आणि आधी पेटवणाऱ्याच्या नाकात जातो. दम्याची औषधं घेणाऱ्या सासूबाईंनीच ते पेटवणं हा वेगळा विनोद.

त्यांना प्लास्टिक बंद करा म्हणून सांगण्यापेक्षा त्यांच्या हाताशी दुसरं काहीतरी ठेवणं सोपं गेलं. नारळी पौर्णिमेच्या आसपास घरात करवंट्या भरपूर होतात. करवंटी पिंपात वर्षानुवर्षं कुजत नाही, पण बंबात सुरेख पेटते. सुकवलेली संत्र्या-मोसंब्याची साल, तिच्यातल्या तेलामुळे, पेटवणीला प्लास्टिकइतकीच चपळ. आता कोपऱ्यात सालांची बुट्टी असते आणि पिशव्या धुऊन दोरीवर जातात.

बंबाची राख? चिमूट-दोन चिमटी पिंपात चालते, आंबूस वास आला असेल तेव्हा उपयोगीच. घमेलंभर ओतली तर मिश्रण अल्कधर्मी होतं, नत्र अमोनिया होऊन उडून जातं, आणि तोच डोळ्यांत जाणारा वास परत येतो. बाकी राख भांडी घासायला आणि अळूच्या बुडाला.

नारळी पौर्णिमा: अळ्या

मुलगा ओरडत आला, "आई, पिंप हलतंय!" आत राखाडी, चपट्या, बोटाच्या कांड्याएवढ्या अळ्या वळवळत होत्या, शेकड्यांनी.

पिंप ओतून टाकायची घाई करू नका. ह्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. घरमाशीच्या अळ्या पांढऱ्या, लहान, एका टोकाला निमुळत्या. ह्या मोठ्या, जाड कातडीच्या, कड्या-कड्यांच्या. यांची माशी घरात घोंगावत नाही, अन्नावर बसत नाही, चावत नाही. आणि अळ्या कचरा इतक्या वेगानं खातात की संध्याकाळी टाकलेली दोडक्याची सालं दुसऱ्या दिवशी शोधावी लागली. आम्हाला हे तिसरं आश्चर्य.

त्या आल्या म्हणजे एवढंच समजायचं की मिश्रण ओलं आहे आणि वर अन्न उघडं राहतंय. नको असतील तर आठवडाभर वर दोन बोटं कोरड्याचा थर ठेवा आणि शिजलेलं अन्न थांबवा, आपोआप कमी होतात. सासूबाईंना शेजारणींसमोर लाज वाटत होती म्हणून आम्ही तसं केलं. माझं विचाराल तर राहू दिल्या असत्या. शेजारच्यांच्या कोंबड्यांनी मात्र बाहेर पडलेल्या अळ्यांचा चांगलाच समाचार घेतला.

याच दिवसांत फुलांचा भार वाढला. झेंडू, शेवंती, बेल, दुर्वा, तुळस. फुलं पिंपाला उत्तम, पण माळेचा दोरा आधी ओढून काढायचा. सुती असला तर कुजतो, पण नायलॉनचा निघाला तर हुकाला गुंडाळून सगळं पिंप वर येतं. बेलाचं पान जाडसर, ते मागे राहतं. हळद-कुंकू थोडं चालतं. चमकी कागद, कापराची डबी, उदबत्तीच्या पुड्याचं पातळ प्लास्टिक वेगळं.

सुक्याचं: थोडक्यात

ओला निघून गेल्यावर सुक्या डब्याला वास येईना, आणि मग त्याच्याकडे बघवू लागलं. ह्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. तो इवलासा त्रिकोणच नाल्यात जातो, भंगारवाल्याकडे पोहोचत नाही. पिशवी धुऊन, उलटी करून वाळवली तर किलोवर विकली जाते. एवढ्या हलक्या पिशव्यांचा किलो व्हायला मात्र महिने लागतात. आम्ही निम्मं दूध गवळ्याचं सुरू केलं, किटलीत. त्यात लक्षात ठेवायचं ते एवढंच, की पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, किटलीतलं नाही. आल्या आल्या उकळी आणायची, दुपारपर्यंत ठेवायचं नाही.

डाळ-तांदूळ रविवार पेठेत सुटं मिळतं, घरून डबे-पिशव्या नेल्या की झालं. डबा आधी रिकामा तोलून घ्यायला दुकानदाराला सांगायचं, गर्दीच्या वेळी नव्हे, दुपारी जायचं. शेंगतेल घाण्यावरून कॅनमध्ये. पातळ पिशव्यांवर कर्नाटकात २०१६ पासूनच बंदी आहे, तरी फुलवाली पाव किलो शेवंती अजून त्यातच घालून देते. तिच्यापुढे डबा धरला तर ती खूशच होते, तिचीही पिशवी वाचते.

गोकुळाष्टमीनंतर: जे कमी होत नाही

महिना उतरणीला लागल्यावर तिसऱ्या भांड्याकडे बघायला वेळ मिळाला. यातलं फारसं काही कमी झालं नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

औषधांच्या गोळ्यांची पाकिटं, एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिक. बिस्किटांची, चिप्सची चकचकीत वेष्टनं, तीही अनेक थरांची. हे थर वेगळे करता येत नाहीत म्हणून भंगारवाला घेत नाही. बिस्किटं बेकरीतून डब्यात आणून वेष्टनं निम्म्यावर आली. औषधांचं काहीच करता येत नाही, सासूबाईंच्या गोळ्या सुट्या मिळायच्या नाहीत.

सॅनिटरी पॅड. वजनात या भांड्याचा सर्वांत मोठा भाग हाच. मुलीनं कापडी पॅड वापरून बघायची तयारी दाखवली, पण मी थांबवलं. कापडी पॅड धुऊन कडक उन्हात वाळायला हवं, आणि बेळगावच्या श्रावणात ऊन चार-चार दिवस दिसत नाही. दमट राहिलेलं कापड वापरून त्रास होण्यापेक्षा दिवाळीनंतर सुरू करावं. तोवर पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून खूण करून, वेगळ्या पुडक्यात गाडीवर द्यायचं. सुक्या डब्यात मोकळं टाकलं तर ते गाडीवरच्या बाईला हातानं वेगळं करावं लागतं.

सेल, ब्लेड, जुना थर्मामीटर, रंगाचा डबा हे एका बरणीत साठवत राहायचं आणि गाडीवर देताना सांगून वेगळं द्यायचं. केरातल्या धुळीत केस, प्लास्टिकचे कण आणि वाळू असते, ती पिंपात नको.

अमावास्या: हिशोब

एरवी श्रावणात आमचे अठ्ठेचाळीस-पन्नास किलो गाडीवर गेले असते. या महिन्यात गेले तीन किलोच्या आत, त्यातला निम्मा भाग पॅड आणि औषधांचा. भंगारात पाचेक किलो गेलं, जवळपास सगळा कागद-पुठ्ठा. बाकी पिंपात. पहिलं पिंप गळ्यापर्यंत आलं, झाकण लावून बाजूला सरकवलं, दुसऱ्यात शेंड्यांचा थर टाकला. गणपतीच्या आधी दुसरं पिंप मोकळं असणं गरजेचं आहे, त्या दिवसांत निर्माल्य, केळीची पानं, मोदकांच्या नारळांच्या शेंड्या सगळं एकदम येतं.

परातीत साठणारं तपकिरी पाणी फेकायचं नाही, पण झाडाला तसंच घालायचंही नाही. दहापट पाणी मिसळून जास्वंदीला, गुलाबाला. पालेभाजीवर नको.

महिना संपला तेव्हा खत मात्र अजून झालं नव्हतं. महिन्याभरात खत होतं असं सांगणाऱ्यांवर उन्हाळ्यात विश्वास ठेवा. पावसाळी थंड हवेत भरलेलं पिंप आणखी सहा-आठ आठवडे मागतं. त्या काळात वरून काही टाकायचं नाही. आठवड्यातून एकदा हुक फिरवायचा, मूठ पिळून बघायची, कोरडं पडलं तर पाणी शिंपडायचं.

दसरा झाल्यावर

पिंप आडवं करून ओतलं. निम्म्यापेक्षा खाली बसलं होतं. रंग गडद तपकिरी, गरम नाही, भाजीचं काही ओळखू येत नाही, तुसाची टरफलं तेवढी चमकत होती. वाळूच्या चाळणीतून चाळलं तर चांगलं खत पंधराएक किलो आलं. वर राहिलेलं जाडंभरडं दुसऱ्या पिंपाला विरजण म्हणून टाकलं.

खत पिकलं की नाही हे डोळ्यानं पूर्ण कळत नाही. एका डब्यात खत आणि माती निम्मे-निम्मे घेऊन मेथीचे दाणे पेरायचे, शेजारी दुसऱ्या डब्यात नुसत्या मातीत. आठवड्यात दोन्हीकडे सारखी उगवली तर कुंडीला घालायला हरकत नाही. खताकडची पिवळी पडली किंवा उगवलीच नाही तर अजून पंधरा दिवस झाकून ठेवा. आमची उगवली. कुंडीत एक भाग खताला तीन भाग माती, त्यापेक्षा जास्त नको.

चाळणीत काय अडकलं ते मुलानं वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं होतं. आंब्याची कोय टाकलीच नव्हती, तरी एक निघाली. बेलाची पानं, जशीच्या तशी. माळेचा नायलॉनचा दोरा. चहाच्या दोन पिशव्या, पाहुण्यांसाठी आणलेल्या, आतला चोथा कुजून गेलेला आणि जाळी धडधाकट. सगळ्यात जास्त होते ते फळांवरचे स्टिकर: सफरचंदाचे, किवीचे, मोसंब्याचे, नंबर अजून वाचता येत होते. प्लास्टिकचे असतात ते, सालाबरोबर आत जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. आता फळं धुतानाच ते सोलून नळाच्या मागच्या फरशीवर चिकटवायचे अशी रीत पडली आहे, आणि ती फरशी आठवड्यातून एकदा सुरीनं खरवडायचं काम मुलाकडे.